दाढीआधीची पाच मिनिटं: कोमट पाणी, फेस आणि ब्रश

दाढी करताना कापलं की बहुतेक जण ब्लेडला दोष देतात. ब्लेड बदलतं, रेझर बदलतो, पाच पात्यांचा महागडा कार्ट्रिज येतो, आणि जबड्याखाली तरीही ओढल्यासारखं होतं, गळ्यावर लाल पुरळ उठतं. ब्लेड बोथट असेल तर त्याचा दोष आहेच. पण ब्लेड नवं असून ओढत असेल, तर चूक बहुधा रेझर हातात घेण्याआधी झालेली असते: दाढीचे खुंट पुरेसे भिजलेले नसतात. पुढचं सगळं या एका गोष्टीभोवती आहे. केसाच्या आत पाणी पोचवायचं, ते तिथेच टिकवायचं आणि मगच पातं लावायचं.

कोरडा केस आणि भिजलेला केस

केस केराटिन या प्रथिनाचा बनलेला असतो. कोरडा असताना तो कडक आणि ताठ असतो. पाणी मिळालं की ते आत शोषलं जातं, केराटिनच्या साखळ्यांना एकमेकांशी बांधून ठेवणारे काही दुवे सैल पडतात आणि केस मऊ होतो. पूर्ण भिजलेल्या केसाची जाडी सुमारे 15 टक्क्यांनी वाढते. जाडी वाढली म्हणजे कापायला कठीण होईल असं वाटतं, पण होतं उलटच. भिजलेला केस पात्यापुढे फारसा टिकत नाही, कोरड्यापेक्षा तो पुष्कळ कमी जोरात कापला जातो.

कोरड्या केसाचं काय होतं तेही बघा. पातं त्याला टेकतं, पण तो लगेच तुटत नाही. आधी पात्याच्या दिशेने ढकलला जातो आणि मुळाशी असलेली त्वचा सोबत ओढून वर उचलतो. केसाच्या बुंध्याशी क्षणभर एक बारीक उंचवटा तयार होतो. मग केस तुटतो, आणि पातं बरेचदा त्या उंचवट्याचं टोकही घेऊन जातं. आपल्याला जाणवणारी ओढ म्हणजे केसाचं ते ढकललं जाणं. दाढीनंतर दिसणारे रक्ताचे बारीक ठिपके हे त्या कापल्या गेलेल्या उंचवट्यांचे. दोन्हींची मुळं एकच असल्यामुळे उपायही एकच आहे.

केस भिजायला साधारण दोन ते तीन मिनिटं लागतात. पाणी कोमट असेल तर काम लवकर होतं, गार असेल तर जास्त वेळ द्यावा लागतो. चेहऱ्यावर दोन वेळा पाणी मारून लगेच क्रीम फासलं तर हा वेळ मिळत नाही. घाईची दाढी ओढते ती बव्हंशी यामुळेच.

आधी तेल जाऊ द्या

केसांवर आणि त्वचेवर आपलं नैसर्गिक तेल असतं. रात्री झोपेतही ते चेहऱ्यावर साचतं. या तेलाच्या थरामुळे पाणी केसात शिरायला उशीर होतो, म्हणून पाण्याआधी चेहरा साबणाने किंवा साध्या फेसवॉशने एकदा धुवा. जोरात चोळायची गरज नाही. दाढीच्या भागावर बोटांनी अर्धा मिनिट गोल फिरवलं तरी पुरे.

आपल्याकडे एक खास प्रसंग असतो. दिवाळीत अभ्यंगस्नानाच्या दिवशी अंगाला तेल लागलेलं असतं, आणि आंघोळ झाल्यावर लगेच दाढी करायची असते. उटण्याने तेल बरंचसं निघतं, पण दाढीच्या खुंटात थोडं राहतंच. तशा चेहऱ्यावर फेस बसत नाही, कारण तेल साबणाचा फेस मोडतं. त्या दिवशी उटण्यानंतर दाढीचा भाग साबणाने आणखी एकदा धुवून घ्या. रोज चेहऱ्याला खोबरेल तेल लावणाऱ्यांनाही हेच लागू आहे.

पाणी किती गरम

कोमट म्हणजे अंगापेक्षा जरा गरम, साधारण 38 ते 40 अंश सेल्सिअस. मोजायला थर्मामीटर नको. मनगटाच्या आतल्या बाजूवर थोडं पाणी ओता. सुखद गरम वाटलं, हात मागे घ्यावासा वाटला नाही, तर बरोबर आहे. गीझर नसेल तर खोलीच्या तापमानाच्या, म्हणजे साधारण 25 अंशांच्या, चार भाग पाण्यात एक भाग उकळतं पाणी घाला, जवळपास 40 अंशांचं पाणी तयार होतं. थंडीत नळाचं पाणी खूप गार असतं, तेव्हा चाराऐवजी पावणेतीन-तीन भाग घ्या. भांड्यात आधी गार पाणी आणि त्यात उकळतं, हा क्रम पाळा, म्हणजे हातावर वाफ येत नाही.

कढत पाण्याचा मोह टाळा. त्याने केस काही जादा मऊ होत नाही. उलट त्वचेवरचं रक्षक तेल वाजवीपेक्षा जास्त निघून जातं आणि त्वचा लालसर होते. लाल झालेल्या त्वचेवर पातं फिरवलं की दाढीनंतर जळजळ ठरलेलीच.

सगळ्यात सोपा मार्ग म्हणजे आंघोळ झाल्यावर लगेच दाढी. आंघोळीत चेहरा काही मिनिटं ओला राहिलेला असतो आणि साबण लागून तेलही गेलेलं असतं. फक्त चेहरा पंचाने कोरडा पुसू नका. पुसलं की वरचं पाणी जातं, आणि मग केस हळूहळू पुन्हा कोरडा व्हायला लागतो. आंघोळ झाली पण दाढीला दहा मिनिटांनी बसलात, तर पुन्हा एकदा चेहरा भिजवावा लागेल. दुसरीकडे, अर्धा तास पाण्यात राहिल्यावर चेहऱ्याची त्वचाही फुगून हळवी होते, आणि तशी त्वचा चटकन खरचटते. मध्यम वेळ चांगली.

आंघोळ आधी होणार नसेल तर ओला पंचा किंवा लहान नॅपकिन घ्या. कोमट पाण्यात बुडवून हलका पिळा, ठिबकणार नाही इतपत, आणि दाढीवर दोन मिनिटं धरा. पहिल्या मिनिटाला तो गार पडायला लागतो, तेव्हा परत एकदा बुडवा. सलूनमध्ये गरम टॉवेल लावतात त्यामागे हेच कारण आहे. मात्र सलूनमधला टॉवेल तुमच्या आधी दुसऱ्या कोणाच्या चेहऱ्यावर होता का, हे पाहायला लाजू नका. टॉवेल धुतलेला नसेल तर नको म्हणा, आणि वस्तऱ्यात बसवलेलं अर्धं ब्लेड नवं आहे का ते तुमच्या समोर बदलून घ्या. एकाच ब्लेडने दोघांना कापलं तर हिपॅटायटिस बी, सी किंवा एचआयव्हीसारखे रक्तातून पसरणारे संसर्ग होऊ शकतात.

जड पाणी आणि न बसणारा फेस

महाराष्ट्रात आणि बाहेरही पुष्कळ घरांत बोअरवेलचं पाणी येतं. त्यात कॅल्शियम आणि मॅग्नेशियमचे क्षार जास्त असतील तर साबण त्या क्षारांशी संयोग पावतो आणि त्याची चिकट, न विरघळणारी मळी तयार होते. फेस करण्यासाठी वापरायचा साबण मळीत जातो. मग क्रीम महाग असो की स्वस्त, फेस पातळ, कोरडा आणि लगेच बसणारा होतो. अशा वेळी चुकीच्या निष्कर्षाला येणं सोपं आहे. ब्रश वाईट, साबण वाईट, आपल्याला जमत नाही, असं वाटतं. खरं कारण नळात असतं.

खात्री करायची सोपी पद्धत आहे. एक स्वच्छ बाटली अर्धी भरून नळाचं पाणी घ्या. त्यात साध्या अंगाच्या साबणाची थोडीशी खरवड टाका, झाकण लावून जोरात हलवा. दाट फेस तयार होऊन टिकला तर पाणी मऊ आहे. पाणी दुधाळ झालं, वर पांढऱ्या कणांची साय आली आणि फेस बसून गेला तर पाणी जड आहे. शाम्पूने ही परीक्षा होत नाही, कारण शाम्पूतले फेस देणारे घटक बहुधा क्षारांना दाद देत नाहीत. नळाच्या तोटीवर आणि गीझरच्या कॉइलवर पांढरी कड साचत असेल तर ही चाचणी करायचीही गरज नाही.

उपाय मोठा नाही, कारण फेसाला पाणी फार थोडं लागतं. चेहरा धुवायला जड पाणी चालेल. ब्रश भिजवायला आणि फेस करायला मात्र एक कपभर, म्हणजे 100 ते 150 मिलिलिटर मऊ पाणी ठेवा. स्वयंपाकघरातल्या आरओ फिल्टरचं पाणी उत्तम. पावसाळ्यात छतावरून थेट पडलेलं स्वच्छ पावसाचं पाणीही चालतं. दुसरं काही नसेल तर पाणी चांगलं उकळून, गार होऊ देऊन, वरचं निवळ पाणी ओतून घ्या. उकळल्यावर बायकार्बोनेटच्या रूपातला क्षार भांड्याच्या तळाशी पांढरा थर होऊन बसतो. सल्फेटच्या रूपातला क्षार मात्र उकळून जात नाही, त्यामुळे काही ठिकाणी या पद्धतीने फक्त अर्धा फायदा होतो. हे मऊ पाणी वापरण्याआधी थोडं कोमट करून घ्या, एवढीच मेहनत.

ब्रश कशासाठी

ब्रश नसेल तर दाढी होत नाही असं मुळीच नाही. बोटांनी क्रीम लावून दाढी करणारे लाखो आहेत. पण ब्रश तीन गोष्टी करतो त्या बोटांना जमत नाहीत. तो क्रीमच्या आत हवा आणि पाणी मिसळून बारीक फेस तयार करतो. तो त्वचेवर झोपलेले खुंट उभे करतो, त्यामुळे पातं केसाच्या बुंध्याजवळ नीट पोचतं. आणि तो फेस केसांच्या सगळ्या बाजूंनी, अगदी खाली त्वचेपर्यंत नेतो. डब्यातून फुस्स करून निघणारा फेसही वाईट नसतो, पण त्यात वायूचा भाग खूप असतो. तो लावलात तर त्याआधी केस भिजवण्याचा वेळ आवर्जून द्या, कारण भिजवण्याचं काम तो स्वतः फारसं करत नाही.

बाजारात ब्रश मुख्यतः तीन प्रकारचे मिळतात. डुकराच्या केसांचा ब्रश स्वस्त आणि कडक असतो, तो नवा असताना टोचतो आणि वापरून मऊ होतो. तो वापरण्याआधी तीन-चार मिनिटं पाण्यात भिजवावा लागतो. बॅजर या प्राण्याच्या केसांचा ब्रश मऊ असतो आणि पाणी भरपूर धरतो, पण किंमत जास्त. सिंथेटिक ब्रशचे तंतू पाणी आत शोषत नाहीत, त्यामुळे भिजवत ठेवावं लागत नाही, पटकन वाळतो, आणि प्राण्यांचे केस नको असतील त्यांच्यासाठी हाच योग्य. नव्याने सुरुवात करणाऱ्याला मी चांगला सिंथेटिकच सुचवेन. सांभाळायला सोपा असतो आणि फेसही लवकर देतो.

मात्र अतिशय कमी दरातले, विरळ आणि ताठ तंतूंचे नायलॉन ब्रश टाळा. असा ब्रश टोकाकडे टोचतो, त्वचेवर सूक्ष्म ओरखडे काढतो आणि दाढीआधीच त्वचा लाल करतो. विकत घेताना हाताच्या मागच्या बाजूवर गोल फिरवून पाहा. गुदगुल्या झाल्या तर चांगला, सुयांसारखं वाटलं तर ठेवून द्या.

फेस तयार करणं

इथे जरा थांबून, नीट करण्याचं काम आहे.

ब्रश मऊ कोमट पाण्यात भिजवून दोन-तीन वेळा जोरात झटका. त्यात थोडा ओलावा राहावा, पण पाणी ठिबकू नये. वाटीत क्रीम घ्या, वाटाण्यापेक्षा किंचित मोठी गोळी, साधारण एक ग्रॅम. घट्ट साबणाची वडी असेल तर ब्रशने त्यावर वीस-तीस सेकंद गोल फिरवा. तंतूंच्या टोकांवर घट्ट पेस्ट दिसू लागली की थांबा.

आता वाटीत ब्रश गोल फिरवायला लागा. पहिली दहा-पंधरा सेकंद पाणी टाकू नका. पेस्ट पसरते, थोडी घट्ट वाटते. मग अर्धा चमचा पाणी टाकून पुन्हा फिरवा. पुन्हा अर्धा चमचा. एकूण दोन छोटे चमचे, म्हणजे साधारण दहा मिलिलिटर पाणी जातं, पण एकदम नाही. साबण किती आहे, ब्रशमध्ये किती ओलावा आहे यावर हे प्रमाण कमीजास्त होतं, त्यामुळे आकड्यापेक्षा डोळ्यांवर भरवसा ठेवा. आधी मोठे बुडबुडे येतात. फिरवत राहिलात की ते बारीक होतात, आणि सुमारे एक-दीड मिनिटात फेस घट्ट, चमकदार, घोटलेल्या दह्यासारखा दिसायला लागतो. ब्रश उचलला की त्याचं टोक वाकतं पण मोडत नाही.

चमक हीच खरी खूण. फेसावर चमक असेल तर त्यात पाणी पुरेसं आहे. फेस मॅट, कोरडा, उंच उभा राहिलेला दिसत असेल तर त्यात पाणी कमी आहे, आणि तसा फेस तुमच्या केसांतलं पाणी टिकवत नाही. हा सगळ्यात जास्त दिसणारा दोष आहे. पुष्कळांना फेस जितका उंच आणि पांढरा तितका चांगला वाटतो, पण तसा नसतो. अंगठा आणि तर्जनीत थोडा फेस घेऊन चोळा. सहज सरकलं, बोटं गुळगुळीत झाली, तर तयार. बोटं अडली, फेस बसून गेला, तर आणखी पाणी. आणि बोटांमधून पाण्यासारखा ओघळला तर पाणी जास्त झालं आहे, तेव्हा ब्रशच्या टोकावर क्रीमची अगदी बारीक गोळी घेऊन पुन्हा फिरवा.

दाढीच्या साबणाला हा गुण कसा येतो, तेही सांगतो. त्यात स्टिअरिक आम्लाचं प्रमाण जास्त असतं, त्यामुळे फेस दाट आणि टिकाऊ होतो. साबण बनवताना कॉस्टिक सोड्याबरोबर पोटॅशियम हायड्रॉक्साइडही वापरतात, त्यामुळे तो नरम राहतो आणि पाण्यात लवकर मिसळतो. ग्लिसरीन पाणी धरून ठेवायला मदत करतं. अंगाचा साबण हे सगळं करत नाही. त्याचा फेस मोठ्या बुडबुड्यांचा, उघडा आणि लवकर वाळणारा असतो, म्हणून त्यावर दाढी केली की ओढ जाणवते.

चेहऱ्यावर ब्रश

चेहरा अजून ओला असावा. वाळला असेल तर परत पाणी मारा. ब्रश हातात हलका धरा, तंतू टोकापासून थोडे पसरतील इतपतच दाबा. तंतू बुडाशी वाकले तर जोर जास्त होतो आणि ब्रशही खराब होतो.

सुरुवात गालापासून करा, पण सगळ्यात जास्त वेळ द्या हनुवटीला, वरच्या ओठाला आणि जबड्याच्या कडेला. तिथे केस सगळ्यात जाड आणि दाट असतात. गोल गोल फिरवा. साधारण एक मिनिट या गोलाकार हालचालीने केस सगळ्या दिशांनी भिजतात आणि उभे राहतात. गळ्यावर मात्र जोर एकदम कमी ठेवा, तिथली त्वचा पातळ आणि सैल असते. पुटकुळ्या असतील तर त्यांच्यावर ब्रश घासू नका, त्यांच्या भोवती फिरवून वरून बोटाने फेस लावा. फोडांमधून संसर्ग ब्रशमध्ये आणि ब्रशमधून पुन्हा चेहऱ्यावर येऊ शकतो. म्हणून ब्रश दुसऱ्याला वापरायला देऊ नये, अगदी घरातल्यालाही नाही.

गोलाकार झालं की शेवटी ब्रशने रंग लावल्यासारखे चार-पाच सपाट फटकारे मारा, म्हणजे फेस सारखा पसरतो. मग एक मिनिट काही करू नका. हीच वेळ रेझर तपासण्याची, ब्लेड बदलण्याची, आरसा नीट करण्याची. याच वेळात पाणी खुंटात आणखी शिरतं. उन्हाळ्यात पंख्याखाली उभं असाल तर फेस लवकर वाळतो, त्यामुळे पंखा बंद करा. वाळलेला भाग दिसला तर तिथे ओल्या बोटाने पाणी लावा किंवा ब्रशचं टोक फिरवा.

केसांच्या दिशेची ओळख मात्र आधीच करून घ्या. फेस लावण्यापूर्वी, कोरड्या खुंटावरून बोट फिरवून पाहा. बोट जिकडे सहज सरकतं ती केसांची दिशा, जिकडे टोचतं ती उलटी. गालावर दिशा बहुतेक खाली असते, पण गळ्यावर ती अनेकदा आडवी असते, काहींना कंठमण्याच्या बाजूला चक्क भोवरा असतो. पहिला हात केसांच्या दिशेनेच मारा. उलट हात मारायचाच असेल तर पुन्हा फेस लावून, आणि सगळ्यांनी तो मारायलाच हवा असं नाही. केस कुरळे असतील आणि दाढीनंतर आत वळून पुरळ येत असेल, तर उलटा हात टाळलेलाच बरा.

सोलापुरातलं एक उदाहरण

माझा भाचा सोलापुरात कामाला आहे. दाढी दाट, तीन दिवसांनी एकदा करतो, म्हणजे खुंट साधारण एक मिलिमीटरचे होतात. तक्रार अशी होती की जबड्याखाली आणि हनुवटीवर ओढल्यासारखं होतं, ठिपक्या-ठिपक्यांनी रक्त येतं, आणि क्रीम लावल्यावर फेस मिनिटभरात नाहीसा होतो. ब्लेड तो प्रत्येक वेळी नवं घ्यायचा.

त्याच्या बाथरूममध्ये पाहिलं तर गीझरच्या पाइपावर पांढरी कड होती. बाटलीची चाचणी केली. पाणी दुधाळ झालं आणि फेस खाली बसला. ते बोअरवेलचं पाणी होतं. स्वयंपाकघरात आरओ फिल्टर होताच. त्याने एका छोट्या मगात कपभर फिल्टरचं पाणी घेऊन कोमट केलं.

मग क्रम असा ठरला. आधी फेसवॉशने तेल धुतलं. मग पंचा कोमट पाण्यात बुडवून, मध्ये एकदा परत बुडवून, दोन मिनिटं चेहऱ्यावर धरला. या दोन मिनिटांत त्याने वाटीत फेस सुरू केला असता तर घाई झाली असती, म्हणून पंचा चेहऱ्यावर असताना फक्त ब्रश भिजवून ठेवला. पंचा काढला आणि फेस घोटायला बसला. पहिला फेस उंच आणि कोरडा झाला. बोटांची परीक्षा केली तर बोटं अडली. अर्धा-अर्धा चमचा पाणी दोन वेळा आणखी घातल्यावर तो चमकू लागला. चेहऱ्यावर एक मिनिट गोलाकार, मग थोडा थांबा, आणि मग रेझर. सुरुवातीपासून रेझर लागेपर्यंत साधारण सहा-सात मिनिटं गेली.

हनुवटीची ओढ गेली, रक्ताचे ठिपकेही जवळजवळ थांबले. गळ्यावर उजव्या बाजूला मात्र लाली राहिली. म्हणून पुढच्या वेळी कोरड्या खुंटावर बोट फिरवायला सांगितलं. त्या भागात केस खालून वर आणि आडवे असे दोन्ही वाढत होते, आणि तो वरून खाली सरळ हात मारत होता. तेवढी जागा तिरका हात मारून केली तेव्हा लाली कमी झाली. भिजवण्याने केस मऊ होतो, पण चुकीची दिशा सुधारत नाही.

कशाने काय बिघडतं

ओढ सगळ्या चेहऱ्यावर सारखी जाणवत असेल तर केस नीट भिजलेले नाहीत किंवा ब्लेड बोथट आहे. नवं ब्लेड घेऊन त्याच तयारीने पाहा. फरक पडला नाही तर भिजवण्याचा वेळ वाढवा. ओढ एकाच जागी असेल तर तिथे केसांची दिशा वेगळी आहे किंवा फेस वाळला आहे.

रक्त सरळ रेषेत, लांबट कापल्यासारखं येत असेल तर तिथे रेझर आडवा सरकलाय किंवा त्वचा सैल आहे. तयारीने ते थांबणार नाही. त्वचा दुसऱ्या हाताने हलकी ताणा आणि रेझर दाबू नका. रक्ताचे ठिपके विखुरलेले असतील तर मात्र तयारीकडे लक्ष द्या. बारीक ठिपके थांबवायला थंड पाण्याने धुऊन ओली तुरटी हलकेच फिरवावी. तुरटी झोंबली तर समजा की त्या भागात पातं जास्त लागलं आहे. दाढीनंतर पुवाळलेले फोड येत राहिले, किंवा दाढी पूर्ण बंद केल्यावरही पुरळ दोन-तीन आठवडे टिकलं, तर त्वचारोगतज्ज्ञांना दाखवा. ते दाढीच्या तयारीने बरं होणारं नसतं.

ब्रशची निगा

दाढी झाली की ब्रश कोमट पाण्याने, शक्य असेल तर मऊ पाण्याने, आतपर्यंत धुवा. तंतू बोटांनी थोडे फुलवत धुवा, कारण मुळाशी फेस अडकून राहतो आणि तिथेच साबणाची मळी घट्ट बसते. जड पाण्याने काही महिन्यांत तंतू राठ होतात. पाण्यात थोडा पांढरा व्हिनेगर घालून, दहा मिनिटं ब्रशचं टोक बुडवून, मग स्वच्छ धुतलं की साचलेला क्षार सुटतो. नंतर झटका आणि उभा ठेवा किंवा टोक खाली टांगा, दोन्ही चालतं, फक्त हवा लागली पाहिजे. बंद कपाटात किंवा ओल्या कप्प्यात ठेवू नका.

कोकणात आणि गोव्यात पावसाळ्यात हवेत दमटपणा इतका असतो की एका रात्रीत ब्रश वाळत नाही, आणि आतून कुबट वास यायला लागतो. तिथे जून ते सप्टेंबर दोन ब्रश आळीपाळीने वापरावेत, किंवा पटकन वाळणारा सिंथेटिक घ्यावा. वास एकदा बसला आणि धुऊनही गेला नाही, तर तो ब्रश टाकून नवा घ्या.